मुद्दलाला हात न लावता

*माझं वय ५०. पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. साठीला निवृत्त होईन, पेन्शन नाही. माहेरच्या जमिनीच्या वाटणीचे ६० लाख रुपये नुकतेच हातात आले. बँक दहा वर्षांच्या ठेवीवर ७ टक्के देते आहे. तिथल्या बाईंनी हिशोब करून दाखवला, दहा वर्षांत १ कोटी २० लाख होतील. त्यानंतर मुद्दलाला हात न लावता वर्षाला ८ लाख ४० हजार व्याज, म्हणजे महिन्याला ७० हजार. आमचं घर आज ६० हजारांत चालतं. मला वाटलं, प्रश्न सुटला. पण सीए करणारा भाचा म्हणाला, "मावशी, महागाई ५ टक्के धर, तुझं खरं व्याज दोनच टक्के आहे." सासरे म्हणतात, "आमच्या वेळी १३ टक्के मिळायचं, तेव्हा पैसा वाढायचा." यजमान म्हणतात, दोघांचंही ऐकू नकोस, दुप्पट ते दुप्पट. मी २० टक्के कराच्या टप्प्यात आहे. पीएफ कापला जातो. पीपीएफचं खातं आहे, त्यात दरवर्षी नावापुरते हजार रुपये भरते. कोणाचं खरं मानू?*

नमस्कार.

तुमच्या घरातलं कोणीच खोटं बोलत नाही, पण प्रत्येकजण वेगळ्या वर्षाच्या रुपयात बोलतो आहे. यजमानांचे १ कोटी २० लाख हे दहा वर्षांनंतरचे रुपये आहेत आणि तुमचा ६० हजारांचा घरखर्च आजचा. दोन्ही रुपये दिसायला सारखे असल्यामुळे आपण ते एकाच वहीत मांडतो आणि ७० हजार ६० हजारांपेक्षा जास्त आहेत असं समजून निर्धास्त होतो. म्हणून आधी सगळं आजच्या रुपयात आणू.

भाच्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात जवळ आहे. ७ वजा ५ बरोबर २ हे त्याचं गणित बहुतेक लोक असंच करतात. पण इथे वजाबाकी हा अंदाज असतो, अचूक उत्तर भागाकारानेच मिळतं. का, ते आपण तेलाच्या डब्यांत मोजून पाहू. समजा, शेंगदाणा तेलाचा डबा आज २,५०० रुपयांना आहे. तुमच्या ६० लाखांत २,४०० डबे येतात. वर्षभराने बँक ४ लाख २० हजार व्याज देते आणि डबा ५ टक्क्यांनी महागून २,६२५ रुपयांचा होतो. तेच २,४०० डबे घ्यायला आता ६३ लाख लागतात. म्हणजे व्याजातले ३ लाख नुसत्या डागडुजीत गेले, तुम्ही होतात तिथेच राहावं म्हणून. उरले १ लाख २० हजार. भाचा म्हणतो, हे ६० लाखांचे २ टक्के झाले, म्हणजे ४८ डबे जास्त. पण हे १ लाख २० हजार तुमच्या हातात वर्षाअखेर पडतात, तेव्हा डबा २,५०० चा राहिलेला नसतो. २,६२५ ने भागलं की ४५.७ डबे येतात. २,४०० डब्यांवर ४५.७ म्हणजे १.९ टक्के.

```
(1 + 0.07) / (1 + 0.05) - 1 = 0.0190
```

उरलेल्या व्याजालाही महागाई लागते, एवढंच हे सूत्र सांगतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. पाठ्यपुस्तकांत पावतीवरच्या दराला नाममात्र आणि या उत्तराला वास्तव व्याजदर म्हणतात. मी पावतीवरचं आणि खरं असं म्हणते.

२ आणि १.९ मध्ये फरक तो काय, असं भाचा विचारेल आणि त्याचं बरोबर आहे. आपल्याकडच्या दरांना वजाबाकीने फारसं बिघडत नाही. महागाई चढली की मात्र ती भलतंच काही सांगू लागते. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक महागाई अधिकृत आकड्यांनुसार ८५ टक्क्यांच्या वर होती. समजा तिथे कोणाला ठेवीवर २० टक्के मिळाले. वजाबाकी म्हणेल, ६५ टक्के बुडाले. भागाकार केला, १.२० भागिले १.८५, की कळतं की ३५ टक्के बुडाले. तेही वाईटच, पण १०० पैकी ३५ उरणं आणि ६५ उरणं यात मोठं अंतर आहे. वजाबाकी नेहमी फुगवून सांगते, मग नफा असो की तोटा. महागाई आणखी चढली तर ती शंभर टक्क्यांहून जास्त नुकसान दाखवते, म्हणजे होतं त्यापेक्षा जास्त गेलं. असं उत्तर आलं की समजावं, रीत चुकली.

आता सासरे. त्यांची आठवण खोटी नाही, साल तपासायला हवं. १९९१-९२ मध्ये तीन वर्षांवरच्या ठेवीला बँका १३ टक्के देत होत्या हे खरं. त्याच वर्षी औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजलेली महागाई साडेतेरा टक्के होती. १.१३ भागिले १.१३५ केलं की उत्तर एकाच्या खाली येतं, म्हणजे खरं व्याज उणे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पासबुकात आकडा फुगत होता आणि ठेव आतून किंचित झिजत होती. पण १९९९-२००० मध्ये तीच महागाई साडेतीन टक्क्यांच्याही खाली आली आणि ठेवींना ९-१० टक्के मिळत होते. त्या वर्षी खरं व्याज जवळजवळ ६ टक्के पडलं. म्हणजे सासऱ्यांचा पैसा खरोखर वाढला असेल तर तो बहुधा १३ टक्क्यांच्या वर्षांत नाही, नंतर दर उतरल्यावर वाढला. माणसाला मात्र १३ लक्षात राहतात. उलट टोक अगदी अलीकडचं आहे. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांचे एक वर्षाच्या ठेवींचे दर ५ टक्क्यांच्या आसपास होते आणि महागाई ६.२ टक्के. त्या वर्षी ठेवीदारांनी व्याज घेतलं, त्यावर कर भरला आणि तरी खरेदीची ताकद गमावली.

भाच्याने ५ टक्के कुठून आणले? नेम चांगला आहे. २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा वर्षांची ग्राहक महागाई वर्षागणिक अशी होती: ४.९, ४.५, ३.६, ३.४, ४.८, ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६. सरासरी ५ च्या जरा खाली. यांची नुसती बेरीज केली तर ४९.६ येते आणि वाटतं की दहा वर्षांत किमती निम्म्याने वाढल्या. पण दर वर्षीची वाढ आधीच्या वाढलेल्या किमतीवर बसते, म्हणून गुणाकार करायचा: १.०४९ गुणिले १.०४५ गुणिले १.०३६ असं शेवटपर्यंत. उत्तर १.६२ येतं. २०१४-१५ मध्ये १०० रुपयांना मिळणारी टोपली २०२४-२५ मध्ये १६२ रुपयांना. पुढच्या दहा वर्षांसाठी दर वर्षी ५ टक्के धरले तर १.६३ येतं. तोच आकडा धरून चालू.

बँकेतल्या बाईंचा हिशोब बरोबर आहे. ७ टक्के पावतीवर लिहिलेले असले तरी आपल्या बँका साधारणपणे दर तिमाहीला व्याज मुद्दलात टाकतात, त्यामुळे वर्षाचा प्रत्यक्ष दर ७.१९ टक्के पडतो. दहा वर्षांत ६० लाखांचे १ कोटी २० लाख होतात. त्यांना १.६३ ने भागा. आजच्या रुपयात ते सुमारे ७३ लाख ७० हजार होतात. म्हणजे दहा वर्षांत दुप्पट नव्हे, साधारण पावणेचौदा लाखांची भर. गंमत बघा, भाच्याच्या दोन टक्क्यांनी मोजलं तर ७३ लाख १० हजार येतात, जवळजवळ तेवढेच. वजाबाकी करून तो थोडा वर गेला आणि तिमाही चक्रवाढ विसरून थोडा खाली आला. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं.

पण दोघंही एक गोष्ट विसरले आहेत आणि ती या दोन्हींपेक्षा मोठी आहे. तुमच्या व्याजावर कर लागतो, आणि तो सगळ्या व्याजावर लागतो, डागडुजीच्या भागावरसुद्धा. वरच्या उदाहरणात ४ लाख २० हजारांपैकी ३ लाख हे उत्पन्नच नव्हतं, मुद्दलाची झीज भरून काढणं होतं. कर खात्याला तो भेद मान्य नाही. २० टक्के आणि त्यावरचा सेस मिळून २०.८ टक्के होतात. ७.१९ मधून तेवढा भाग गेला की ५.६९ टक्के उरतात. १.०५६९ भागिले १.०५ केलं की खरं व्याज ०.६६ टक्के. दोन टक्के नव्हे, एक टक्काही नव्हे.

कर ठेवीतूनच भरला असं धरलं तर दहा वर्षांनी पावतीवर १ कोटी ४ लाख ३६ हजार असतील आणि आजच्या रुपयात ते ६४ लाख ७ हजार. दहा वर्षं सांभाळून, एकदाही न मोडता, चार लाखांची भर. आणि हे महागाई नेमकी ५ टक्के राहिली तर. ६ टक्के झाली तर खरं व्याज उणे होतं आणि ६० लाखांचे ५८ लाख २७ हजार उरतात. ४ टक्के राहिली, जे रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे, तर साडेसत्तर लाख. पावतीवरचा आकडा तिन्ही वेळा तोच असतो, म्हणून पावती वाचून काहीच कळत नाही.

आता मला तुमच्या पत्रातला एक शब्दप्रयोग थांबून पाहायचा आहे: मुद्दलाला हात न लावता. आपल्याकडे हे जवळजवळ संस्कारासारखं आहे. व्याज खावं, मुद्दल शाबूत ठेवावं. पण तेलाच्या डब्यांकडे परत पाहा. व्याजातला मोठा भाग डागडुजीचा होता. तो खर्च केला की पावतीवरचा आकडा तसाच राहतो, पण मुद्दल खाल्लं जातं, फक्त ते दिसत नाही.

साठीला १ कोटी ४ लाख ३६ हजार ७ टक्क्यांनी ठेवले आणि तेव्हा पगार नसल्याने कर लागणार नाही असं धरलं, तर महिन्याला सुमारे ६० हजार ९०० व्याज येईल. आजच्या रुपयात ते ३७ हजार ४०० आहेत. म्हणजे ६० हजारांच्या घराला पहिल्याच महिन्यापासून ते अपुरे आहेत. मग दर महिन्याला तेच ६० हजार ९०० येत राहतील आणि किमती वाढत राहतील. तुम्ही ७० वर्षांच्या असाल तेव्हा त्यांची ताकद आजच्या २२ हजार ९०० एवढी असेल आणि ८० व्या वर्षी १४ हजारांची. ज्या वयात औषधं वाढतात त्या वयात उत्पन्न सगळ्यात कमी. आणि शाबूत ठेवलेलं मुद्दल? तेव्हाही पावतीवर १ कोटी ४ लाख ३६ हजारच लिहिलेले असतील, पण आजच्या हिशोबाने ते २४ लाख असतील.

मुद्दल खरंच शाबूत ठेवायचं असेल, म्हणजे मुलांना आजच्या ६४ लाखांची ताकद तशीच सोपवायची असेल, तर फक्त खरं व्याज खर्च करता येतं. करमुक्त ७ टक्क्यांवर ते १.९ टक्के. आजच्या रुपयात महिन्याला सुमारे १० हजार २००.

तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त शहाणपणाचा वाटतो. मुद्दल संपवायचंच, पण ठरवून आणि हळूहळू. समजा साठीपासून पंचाऐंशीपर्यंत २५ वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला अशी रक्कम काढायची की तिची खरेदीची ताकद कायम राहील. हे गणित वाढत्या रुपयांत मांडलं तर क्लिष्ट होतं. आजच्या रुपयात मांडलं तर फारच सोपं, कारण मग काढायची रक्कम दर वर्षी सारखीच असते आणि वाढीचा दर म्हणून फक्त खरं व्याज टाकायचं. तुम्ही लेखा विभागात आहात, स्प्रेडशीट उघडा:

```
=PMT(0.019048, 25, -6407000, 0, 1)
```

उत्तर ३ लाख १८ हजार येईल, म्हणजे महिन्याला २६ हजार ५०० आजच्या रुपयात. साठीला प्रत्यक्ष हातात घ्यायचे ते १.६३ पट, म्हणजे सुमारे ४३ हजार २००, आणि त्यानंतर दर वर्षी त्या वर्षाच्या महागाईइतकी वाढ. शेवटचा `1` विसरू नका, तो रक्कम वर्षाच्या सुरुवातीला काढली जाते असं सांगतो. आणि इथे सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे पहिल्या जागी ७ टक्के टाकणं आणि उत्तराला आजचे रुपये समजणं. तसं केलं की रक्कम बरीच मोठी दिसते आणि माणूस खुश होतो. उत्तर बरोबर आलं का, हे पाहायची एक साधी कसोटी आहे. खरं व्याज शून्य धरा आणि ६४ लाखांना २५ वर्षांनी भागा. महिन्याला २१ हजार ४०० येतात. तुमचं उत्तर याच्या थोडंसं वर असायला हवं. दुप्पट आलं तर कुठेतरी रुपये मिसळले गेले आहेत.

म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. ६० हजारांचं घर २५ वर्षं चालवायला साठीला आजच्या रुपयात १ कोटी ४५ लाख लागतील आणि या ठेवीतून ६४ लाख होतात. उरलेले पीएफ आणि पुढच्या दहा वर्षांच्या बचतीतून यायला हवेत. पीएफच्या शिलकीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, तो आकडा आधी काढा. मला वाटतं, तुमच्या घरातला खरा आधार तोच निघेल.

कारण पीएफवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या स्वतःच्या वर्गणीवर ते करमुक्त असतं. ५ टक्के महागाईत खरं व्याज ३.१ टक्के. पीपीएफला एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळत आले आहेत, तेही करमुक्त, म्हणजे १.०७१ भागिले १.०५, नेमके २ टक्के. हेच दर टिकले असं धरून एक लाख रुपयांचं दहा वर्षांत आजच्या रुपयात काय होतं ते पाहा: तुमच्या ठेवीत १ लाख ६ हजार ८००, पीपीएफमध्ये १ लाख २१ हजार ९००, पीएफमध्ये १ लाख ३५ हजार ६००. पावतीवरचे दर ७, ७.१ आणि ८.२५ असे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. कर वगळून महागाईने भागल्यावर ते ०.६६, २ आणि ३.१ होतात. पावतीवर ठेव आणि पीपीएफ यांत दशांशाचा फरक होता, आता तिपटीचा झाला.

पीएफमध्ये बाहेरून ६० लाख टाकता येत नाहीत हे खरं. पण वळसा घालून टाकता येतात. कंपनीला सांगून पगारातून पीएफची ऐच्छिक कपात वाढवा, आणि त्यामुळे घरखर्चाला जी तूट पडेल ती ठेवीतून भरा. तुमची सक्तीची कपात आणि ऐच्छिक कपात मिळून अडीच लाखांच्या आत ठेवा, त्यावरच्या वर्गणीचं व्याज करपात्र होतं. पीपीएफमध्ये हजार रुपये भरून तुम्ही ते खातं नुसतं जिवंत ठेवलं आहे. तिथे वर्षाला दीड लाख भरता येतात, १५ वर्षं पूर्ण झाली असतील तर पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येते, आणि यजमानांचं खातं वेगळं धरलं जातं. म्हणजे साडेपाच लाखांतून तुमची सक्तीची कपात वजा जाता उरतील तेवढे ठेवीतले पैसे दर वर्षी ०.६६ मधून उचलून २ आणि ३ टक्क्यांच्या घरात नेता येतील.

पगारातून नवीन बचत करणार असाल तर ती महागाईबरोबर वाढवत न्या. दर वर्षाच्या सुरुवातीला सपाट एक लाख पीपीएफमध्ये भरत राहिलात तर दहा वर्षांनी आजच्या रुपयात ९ लाख १३ हजार होतात, म्हणजे भरलेल्या दहा लाखांपेक्षा कमी. व्याज कमी पडलं म्हणून नाही, दहाव्या वर्षीचा लाख हा आजचा ६५ हजारांहूनही लहान असतो म्हणून. तीच रक्कम दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढवली, एक लाख, मग १ लाख ५ हजार, मग १ लाख १० हजार २५०, तर दहाव्या वर्षी दीड लाखांच्या मर्यादेवर थांबूनही ११ लाख १३ हजार होतात.

शेअर बाजाराबद्दल मुद्दाम लिहीत नाही. तिथलं खरं व्याज आधी काढताच येत नाही, मागच्याचंच काढता येतं. थोडा भाग तिथे नेण्यात गैर नाही, पण कोणी तुम्हाला १२ टक्के वजा ५ बरोबर ७ असं लिहून देत असेल तर दोन्ही अंदाजच आहेत हे ध्यानात ठेवा. महागाईवर ठराविक व्याजाची सरकारी हमी आपल्याकडे एकदा विकायला आली होती. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य बचतदारांसाठी दहा वर्षांचे महागाईशी जोडलेले रोखे काढले, ग्राहक महागाई अधिक दीड टक्का. फार कमी लोकांनी घेतले. तेव्हा ठेवींना ९ टक्के मिळत होते आणि दीड हा आकडा फारच किरकोळ दिसला. आज तुमच्या ०.६६ शेजारी ठेवला तर तसा दिसत नाही, अर्थात त्यावरही कर होताच.

हिशोबासाठी कोणती महागाई धरायची, हा प्रश्न पुढे येणारच. सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं, तो घ्या. घाऊक निर्देशांक नको, त्यात तुमच्या घराच्या खर्चातल्या सेवा नसतात. कर सल्लागारांच्या तोंडी असणारा खर्च-महागाई निर्देशांक, तो २००१-०२ ला १०० धरणारा, तोही नको. तो ग्राहक महागाईच्या तीन चतुर्थांशच वाढवला जातो, त्यामुळे त्याने भागलं तर तुम्ही आहात त्यापेक्षा श्रीमंत दिसाल. आणि देशाची सरासरी टोपली तुमची नसते हेही खरं. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्न आणि पेयांचं वजन ४६ टक्क्यांच्या आसपास होतं आणि आरोग्याचं सहाच्या. वयस्कर सासऱ्यांच्या घरात हे प्रमाण वेगळं असणार. दोन वर्षांचा घरखर्च तुमच्याकडे लिहिलेला असेल तर त्यावरून स्वतःची महागाई काढा आणि ती ५ च्या वर निघाली तर तीच वापरा.

राहिला प्रश्न या महिन्यात काय करायचं. ६० लाखांची एकच दहा वर्षांची पावती करू नका. दर वर्षी साडेपाच-सहा लाख मोकळे होतील अशा पावत्या करा, एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची अशा, म्हणजे पीएफ-पीपीएफकडे वळवायला पैसे दंड न भरता हातात येतील. सगळं एका बँकेतही नको. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे, आणि बँक लहान असेल तर हे खऱ्या व्याजाच्या आधी पाहायचं. साठी पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक बचत योजना उघडते, तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, ५ टक्के महागाईत ते ३ टक्क्यांच्या वर पडतं. दहा वर्षांनी तो किती असेल ते तेव्हा पाहू, पण तोवर वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये मागच्या वर्षाची महागाई जाहीर झाली की, तुमच्या स्प्रेडशीटमधल्या एका रकान्यात ५ च्या जागी प्रत्यक्ष आकडा टाका आणि शिल्लक पुन्हा आजच्या रुपयात वाचा.